फी परतावा : साठ दिवसांची अट, चार तारखा आणि एक अर्ज

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं एक कुटुंब. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मुलगी बारावी झाली, नीटला गुण कमी पडतील असं परीक्षेनंतरच दिसत होतं, म्हणून नागपुरातल्या एका क्लासच्या रिपीटर बॅचला जून २०२५ मध्ये तिचं नाव घातलं. दोन महिने होत नाहीत तोच ती परत आली. नागपूरचं पाणी आणि मेस मानवली नाही, घरी आजी अंथरुणाला खिळली, आणि तोवर यवतमाळला बीएस्सीला प्रवेशही मिळाला. एकूण ९४,४०० रुपये भरून झाले होते. "पैसे तं गेले आपले, भाऊ. काऊन देतीन ते?" वडील म्हणाले, तेव्हा त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फॉर्म आणि पावत्या होत्या. मी गावातल्या लोकांना असे अर्ज लिहायला मदत करतो. त्या पिशवीतले कागद वाचल्यावर माझं मत वेगळं झालं. क्लासने स्वतःच छापलेल्या अटींमध्ये परताव्याची सोय होती. फक्त कोणती तारीख कुठे मोजायची यावर सगळं अडलं होतं.

प्रवेश फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात कलम ७ होतं. बॅच सुरू झाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी अर्ज आला तर भरलेल्या शिकवणी शुल्काच्या ७५ टक्के परत. १६ ते ६० दिवसांत अर्ज आला तर ४० टक्के. ६० दिवसांनंतर काही नाही. नोंदणी शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत नाही. खाली आणखी दोन ओळी होत्या. एक म्हणजे, ज्याने हप्ता ठरलेल्या मुदतीत भरलेला नाही त्याला परताव्याचा लाभ नाही. दुसरी म्हणजे, परतावा अर्जापासून ३० दिवसांत दिला जाईल. हे कलम चार वेळा तरी वाचावं, कारण भांडण त्यातल्या शब्दांवरच होतं. इथे मोजणी "बॅच सुरू झाल्यापासून" आहे, पैसे भरल्यापासून नाही. अर्ज "लेखी" हवा, पण तो क्लासच्या छापील नमुन्यातच हवा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. टक्केवारी "भरलेल्या शिकवणी शुल्का"ची आहे, म्हणजे एका हप्त्याची नाही, दोन्ही हप्त्यांची.

आता पैशांच्या तारखा. २ जूनला नोंदणीचे ५,९०० रुपये रोख दिले, निकालाआधी नाव घातलं तर सूट म्हणून. १४ जूनला, नीटचा निकाल लागला त्याच दिवशी, पहिला हप्ता ४१,३०० रुपये पुसदच्या काकांच्या मोबाइलवरून यूपीआयने गेला. दुसरा हप्ता ४७,२०० रुपये वडिलांनी दारव्ह्याच्या बँकेतून एनईएफटीने २२ जुलैला पाठवला. त्याची मुदत २५ जुलै होती. तिन्ही रकमांत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. तो बाजूला काढला की नोंदणी ५,०००, शिकवणी ३५,००० आणि ४०,०००, असे ८०,००० रुपये मूळ शुल्क आणि १४,४०० रुपये कर. बॅच २३ जूनला सुरू झाली.

या साध्या यादीत एक काटा होता. दुसऱ्या हप्त्याच्या पावतीवर तारीख ४ ऑगस्ट छापलेली होती. क्लासच्या लेखा विभागाने बँकेतून आलेले पैसे उशिरा जुळवले आणि ज्या दिवशी पावती काढली तीच तारीख तिच्यावर पडली. नुसती पावती बघितली तर हप्ता दहा दिवस उशिरा भरला असं दिसतं, आणि मग "मुदतीत हप्ता नाही, म्हणून परतावा नाही" ही ओळ लागू होते. बँकेच्या पासबुकात मात्र २२ जुलैची नोंद आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक होता. म्हणून पासबुक छापून घेतलं आणि त्या पानाची प्रत अर्जाला जोडली. यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक काकांच्या ॲपमध्ये होता. त्याचा स्क्रीनशॉट आणि काकांच्या खात्याचं त्या महिन्याचं विवरण दोन्ही घेतलं. पैसे भरल्याची तारीख ही बँकेची तारीख असते, पावतीची नव्हे. असे अर्ज लिहिताना मी पावती बाजूला ठेवून आधी पासबुक मागतो.

आणि अर्जाची तारीख? यावर क्लास सगळ्यात ठाम होता. मुलीने १८ ऑगस्टला स्वतःच्या ईमेलवरून फॉर्मवर छापलेल्या पत्त्यावर लिहिलं होतं, दोनच वाक्यं: घरगुती कारणामुळे मी आजपासून क्लास सोडत आहे, धोरणाप्रमाणे फी परत मिळावी. तोच मजकूर तिने समुपदेशक मॅडमना व्हॉट्सॲपवरही टाकला. त्याच दिवशी दुपारी मॅडमचं उत्तर आलं, "ऑफिसला येऊन फॉर्म भरावा लागेल." पण २२ तारखेला पोळा होता. वर्षभर राबलेल्या बैलांचा सण सोडून कोणता शेतकरी नागपूरला जातो? दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मग रविवार. बापलेक सोमवारी, २५ ऑगस्टला गेले. खिडकीवर जो फॉर्म दिला त्यात "क्लास सोडल्याची तारीख" म्हणून २५ ऑगस्ट लिहायला लावली, मूळ पावत्या आणि ओळखपत्र जमा करून घेतलं, आणि तीन दिवसांनी फोन आला: ६० दिवस उलटून गेले, परतावा लागू नाही.

मोजून पाहिलं. २३ जून हा पहिला दिवस धरला तर साठावा दिवस २१ ऑगस्टला येतो. १८ ऑगस्ट हा सत्तावन्नावा दिवस. २५ ऑगस्ट हा चौसष्टावा. म्हणजे सात दिवसांच्या फरकावर हजारो रुपये लटकलेले. त्या सात दिवसांत मुलगी एकाही तासिकेला बसलेली नव्हती, आणि क्लासच्या बायोमेट्रिक हजेरीत तिची शेवटची नोंद १६ ऑगस्टची होती.

मुलीच्या बाजूने दोन गोष्टी भक्कम होत्या. पहिली, क्लासने स्वतःच दिलेल्या पत्त्यावर ईमेल गेला होता. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, मॅडमचं उत्तर. नुसता पाठवलेला संदेश असता तर "आम्हाला मिळालाच नाही" म्हणता आलं असतं. उत्तर दिलं म्हणजे मिळाला. ते उत्तर मोबाइलवर तारीख आणि वेळ दिसेल असं छापून घेतलं. मूळ पावत्या खिडकीवर देण्याआधी मुलीने त्यांचे फोटो काढून ठेवले होते, हे तिचं मोठं शहाणपण. ते नसतं तर जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक दोन्ही हातचे गेले असते.

२ सप्टेंबरला स्पीड पोस्टने आणि ईमेलने एकाच मजकुराचा अर्ज गेला. तो असा होता:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: नीट रिपीटर बॅच २०२५-२६ मधील प्रवेश रद्द, परतावा धोरण कलम ७ नुसार रु. ३५,४०० मिळण्याबाबत. महोदय, माझी बॅच दि. २३ जून २०२५ रोजी सुरू झाली. मी दि. १८ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे ५७ व्या दिवशी, आपल्या अधिकृत ईमेलवर लेखी अर्ज करून क्लास सोडला. आपल्या समुपदेशकांनी त्याच दिवशी त्याला उत्तर दिले आहे (प्रत जोडली आहे). दि. २५ ऑगस्टचा फॉर्म ही आपल्या कार्यालयाची अंतर्गत पूर्तता आहे. धोरणात विहित नमुन्याची अट नाही. मी शिकवणी शुल्काचे रु. ३५,००० दि. १४ जून रोजी आणि रु. ४०,००० दि. २२ जुलै रोजी, दोन्ही मुदतीत, भरले आहेत (बँक नोंदी जोडल्या आहेत). दुसऱ्या हप्त्याच्या पावतीवरील ४ ऑगस्ट ही पावती काढल्याची तारीख आहे. धोरणाप्रमाणे रु. ७५,००० च्या ४० टक्के, म्हणजे रु. ३०,००० आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी रु. ५,४०० असे एकूण रु. ३५,४०० दि. १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत द्यावेत. पहिल्या हप्त्याच्या खातेधारकाचे संमतीपत्र सोबत आहे. हा अर्ज कायद्याने मिळणाऱ्या माझ्या इतर हक्कांना बाधा न आणता केला आहे."

यात रागाचा एक शब्द नाही. "पाणी चांगलं नव्हतं", "शिकवणं बरं नव्हतं" असलंही काही नाही, कारण या धोरणात सोडण्याचं कारण विचारलेलंच नाही. कारण लिहिलं की समोरचा त्या कारणावर वाद घालतो आणि तारखा बाजूला पडतात. १७ सप्टेंबर ही मुदतही आपल्या मनाची नव्हती, १८ ऑगस्टपासून धोरणातले ३० दिवस मोजून आलेली होती. काकांचं संमतीपत्र मुद्दाम जोडलं. बहुतेक क्लास ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात परत करतात, आणि विद्यार्थ्याचं नाव वेगळं दिसलं की "खातं जुळत नाही" म्हणून महिना घालवतात. (फी कर्जाच्या हप्त्यांवर भरली असेल तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे परतावा कर्ज देणाऱ्या कंपनीकडे जातो आणि खात्यातून कटणारा हप्ता आपण वेगळं लिहून थांबवावा लागतो.)

१२ सप्टेंबरला ईमेलने उत्तर आलं. १८ ऑगस्टची तारीख त्यांनी मान्य केली. पण परतावा १८,००० रुपये. हिशेब असा: ४० टक्के म्हणजे ३०,०००, त्यातून अभ्यास साहित्याचे १२,००० वजा, आणि जीएसटी सरकारकडे जमा झाल्यामुळे तो परत मिळत नाही.

साहित्याच्या वजावटीला उत्तर सोपं होतं. कलम ७ मध्ये अशी वजावट नाही, माहितीपत्रकात "शुल्कात अभ्यास साहित्य समाविष्ट" असं छापलेलं आहे, आणि तीनपैकी एकाही बिलावर साहित्याची वेगळी रक्कम नाही. जी रक्कम कधी बिलावर आली नाही ती परताव्यातून कापायची कशी?

जीएसटीवर थोडं थांबलं पाहिजे, कारण इथे पुष्कळ पालक गप्प बसतात. "सरकारकडे गेले" म्हटलं की आपल्याला वाटतं, आता सरकारशी कोण भांडणार. पण कर भरणारा क्लास असतो, आणि दिलेली सेवा कमी झाली तर बिल कमी करण्याची सोय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्येच आहे. क्लासने कमी झालेल्या रकमेची आणि तिच्यावरच्या कराची क्रेडिट नोट काढायची, ती आपल्या विवरणपत्रात दाखवायची, आणि तेवढा कर त्याच्या पुढच्या देण्यातून वजा होतो. त्याला खिशातून काही द्यावं लागत नाही. याला मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षात बिल झालं ते संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. ही बिलं २०२५-२६ मधली, म्हणजे क्लासला जास्तीत जास्त ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत वेळ होता. विद्यार्थी जीएसटीत नोंदणी नसलेला असतो, त्याने या कराचा कुठे फायदा घेतलेला नसतो, त्यामुळे ती अडचणही नाही. उत्तरात दोन्ही बिल क्रमांक देऊन "कृपया या बिलांविरुद्ध क्रेडिट नोट काढावी" एवढं लिहिलं.

इथे वडिलांनी एक रास्त प्रश्न केला. "पोरगी दोनच महिने शिकली. मंग चाळीसच टक्के कायले?" त्यांचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर क्लासच्या धोरणात नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलं आहे की पूर्ण फी भरून विद्यार्थ्याने मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात १० दिवसांत परत करावी, आणि क्लासच्या वसतिगृहात राहत असेल तर वसतिगृहाची व मेसचीही. हा हिशेब मांडला. बॅच २३ जून २०२५ ते २२ एप्रिल २०२६, म्हणजे ३०४ दिवसांची. वापरलेले ५७, उरलेले २४७. ८०,००० रुपयांवर त्या प्रमाणात ६५,००० येतात, आणि कर धरून ७६,७००. म्हणजे क्लासचं धोरण देतं त्याच्या दुपटीहून जास्त.

मग पहिल्या अर्जात ७६,७०० का नाही मागितले? कारण त्या सूचना केंद्राने राज्यांसाठी काढलेल्या आहेत, त्या स्वतः कायदा नाहीत. नुसत्या त्यांच्या आधारावर क्लासचा व्यवस्थापक धनादेश फाडून देत नाही. तो "आम्ही सही घेतलेली आहे" म्हणून फॉर्म दाखवतो. स्वतःच्या छापील कलमाला मात्र त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की पहिली मागणी त्यांच्याच कागदावर उभी करा आणि जास्तीचा हक्क "इतर हक्कांना बाधा न आणता" या एका ओळीत जिवंत ठेवा. ती ओळ विसरली तर पुढे ग्राहक आयोगात "यांनी स्वतःच ३५,४०० मागितले होते" हे वाक्य ऐकावं लागतं.

१७ सप्टेंबर उलटली. १८ तारखेला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं, तक्रारीचा क्रमांक मिळतो, आणि ती तक्रार कंपनीकडे पाठवली जाते. हेल्पलाइन निकाल देत नाही, पैसे वसूल करून देत नाही. तिचा उपयोग एवढाच की प्रकरण शाखेच्या खिडकीवरून मुख्य कार्यालयाच्या टेबलावर जातं. तक्रारीत तारखांचा तोच क्रम, तीच रक्कम, आणि एक नवी ओळ: पूर्तता न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग, यवतमाळ येथे दाद मागू.

यवतमाळ हा शब्द तिथे महत्त्वाचा होता. फॉर्मवर "सर्व वाद फक्त मुख्य कार्यालयाच्या शहरातील न्यायालयात" अशी ओळ होती आणि वडील तिलाच सगळ्यात जास्त घाबरले होते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. शिक्षण संस्था या कायद्यात येत नाहीत हे क्लासवाले हमखास सांगतात. पण राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने २०२० मध्ये महाविद्यालयं आणि विद्यापीठांबद्दल तसं म्हणताना कोचिंग क्लास मात्र ग्राहक आयोगांच्या कक्षेत येतात असं स्पष्ट केलं आहे. शिवाय, सदोष सेवा थांबवून तिचे पैसे बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत करायला नकार देणं याला या कायद्याने अनुचित व्यापार प्रथेत धरलं आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्य कार्यालयातून फोन आला. ३५,४०० रुपये पूर्ण देतो, साहित्य कापणार नाही, जीएसटी धरून. सोबत एक पत्र सही करून पाठवायचं: "संपूर्ण व अंतिम समाधान, यापुढे कोणताही दावा राहणार नाही."

ती सही म्हणजे उरलेले ४१,३०० रुपये सोडणं, हे मी त्यांना आकडा लिहून दाखवलं. "निषेध नोंदवून स्वीकारत आहे" असं लिहून पाठवायचा प्रयत्नही केला. क्लासने ते पत्र परत केलं. आयोगात गेलो असतो तर जास्त मिळण्याची शक्यता होती असं मला वाटतं. पण किती आणि कधी, हे कोणी सांगू शकत नव्हतं. इकडे कापूस वेचणीला आलेला, वेचणीची मजुरी रोज रोख द्यावी लागते, आणि मुलीच्या यवतमाळच्या खोलीचं भाडं थकलेलं. वडिलांनी सही केली. निर्णय त्यांचा होता आणि पूर्ण माहितीनंतर घेतलेला होता, म्हणून मी तो बरोबरच मानतो. हातातल्या पैशाची गरज नसती तर मी आयोगाचाच रस्ता धरायला सांगितलं असतं.

१६ ऑक्टोबरला पैसे दोन भागांत आले. काकांच्या खात्यात १६,५२० आणि वडिलांच्या खात्यात १८,८८०, ज्याच्या त्याच्या हप्त्याच्या प्रमाणात. दोन दिवसांनी क्रेडिट नोट ईमेलवर आली. तिच्यावरचे दोन्ही बिल क्रमांक मुलीने काढून ठेवलेल्या फोटोंशी ताडून पाहिले, जुळले, आणि मगच हेल्पलाइनवरची तक्रार बंद करायला होकार दिला.